सर्कमफ्लेक्स बंद पडली, पण कोणत्या हृदयात?

अँजिओग्राफीच्या अहवालात एक छोटी ओळ असते: ‘राइट डॉमिनन्ट सर्क्युलेशन’. ती ओलांडून नजर थेट ब्लॉकेजच्या टक्केवारीकडे जाते. पण ब्लॉकेज ७० टक्के असो की १०० टक्के, त्याने हृदयाचा किती भाग धोक्यात येतो हे ती ओळ वाचल्याशिवाय कळत नाही.

महाधमनी हृदयातून निघते तिथेच, झडपेच्या जरा वर, तिला दोन कॉरोनरी धमन्या फुटतात. डावीचा सुरुवातीचा आखूड भाग म्हणजे लेफ्ट मेन. तिचे लगेच दोन फाटे होतात. एलएडी हृदयाच्या पुढच्या अंगाने टोकाकडे उतरते आणि डाव्या निलयाची, म्हणजे शरीरभर रक्त ढकलणाऱ्या खालच्या कप्प्याची, पुढची भिंत व दोन निलयांमधल्या पडद्याचा मोठा भाग पोसते. सर्कमफ्लेक्स कर्णिका, म्हणजे वरचे कप्पे, आणि निलय यांच्यामधल्या खाचेतून डावीकडून वळसा घालत मागे जाते. तिच्या मार्जिनल शाखा बाजूच्या भिंतीला रक्त देतात. उजवी कॉरोनरी त्याच खाचेतून उजवीकडून मागे येते आणि वाटेत उजव्या निलयाला शाखा देते.

मागच्या बाजूला चारही कप्प्यांच्या सीमा जिथे मिळतात, त्या जागेला क्रक्स म्हणतात. तिथून पीडीए ही शाखा खाली उतरते. डाव्या निलयाची खालची भिंत आणि पडद्याचा मागचा साधारण एक तृतीयांश भाग तिच्यावर अवलंबून असतो. पीडीए ज्या धमनीतून निघते ती ‘डॉमिनन्ट’. सुमारे ८० ते ८५ टक्के लोकांत ती उजवी असते, दहाएक टक्क्यांत डावी सर्कमफ्लेक्स. उरलेल्यांत दोन्ही बाजू हे काम वाटून घेतात. शब्द मात्र फसवा आहे. उजवी डॉमिनन्ट असली तरी डाव्या निलयाचं बहुतेक रक्त डावीकडूनच येतं. डॉमिनन्सने ठरतं ते एवढंच, की मागची आणि खालची बाजू कोण सांभाळतं.

आता दोन रुग्ण धरू. दोघांचीही सर्कमफ्लेक्स पहिल्या मार्जिनल शाखेच्या आधी गुठळीने पूर्ण बंद झाली आहे.

पहिल्याची उजवी डॉमिनन्ट आहे. त्याची बाजूची भिंत आणि तिला लागून मागचा भाग उपाशी पडतो, पण खालची भिंत उजवीकडून रक्त घेत राहते. त्याला छातीत दुखतं, हृदयस्नायूच्या इजेची खूण असलेलं ट्रोपोनिन रक्तात वाढतं. मात्र हृदयाकडे बारा कोनांतून बघणाऱ्या नेहमीच्या १२ लीडच्या ईसीजीत एसटी भाग, म्हणजे आलेखात ठोक्याच्या उंच टोकानंतरचा तुकडा, वर गेलेला दिसेलच असं नाही. सर्कमफ्लेक्सचा अटॅक निसटतो तो इथे. छातीवरच्या व्ही१ ते व्ही३ या लीडमध्ये एसटी खाली गेलेला दिसला, तर पाठीवर व्ही७ ते व्ही९ या लीड लावून बघावं लागतं.

दुसऱ्याची डावी डॉमिनन्ट आहे. त्याच जागी तेवढीच गुठळी, पण तिच्यापुढे मार्जिनल शाखाही आहेत आणि पीडीएही. बाजूची, मागची आणि खालची भिंत एकदम अडचणीत येते. लीड २, ३ आणि एव्हीएफमध्ये एसटी वर चढतो. कर्णिकांकडून निलयांकडे विजेचा संदेश पोहोचवणाऱ्या एव्ही नोडला रक्त देणारी बारीक शाखाही बहुधा डॉमिनन्ट धमनीतूनच, क्रक्सजवळ निघते, त्यामुळे तो संदेश अडून, म्हणजे हार्ट ब्लॉक होऊन, नाडी मंदावू शकते. मायट्रल झडपेला दोऱ्यांनी धरून ठेवणाऱ्या दोन स्नायूंपैकी आतल्या-मागच्या स्नायूला बहुतेकदा एवढ्या एकाच वाटेने रक्त मिळतं. तो दुबळा झाला किंवा तुटला, तर झडप गळू लागते आणि फुफ्फुसांत पाणी भरतं. अटॅकनंतरच्या काही दिवसांत अचानक दम लागला आणि छातीत नवी मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला फुसफुस आवाज, ऐकू आली, तर तातडीने इको करतात ते यासाठीच.

उजवी बंद पडली तर चित्र उलटं होतं. ती डॉमिनन्ट असेल आणि उगमाजवळ बंद पडली असेल, तर खालच्या भिंतीबरोबर उजवा निलयही दुबळा होतो. मग डावीकडे पुरेसं रक्त पोहोचतं ते शिरांमधून हृदयाकडे परतणाऱ्या रक्ताच्या दाबावर. अशा रुग्णाला नायट्रोग्लिसरीन दिलं की शिरा सैल पडतात आणि रक्तदाब कोसळू शकतो. म्हणून खालच्या भिंतीचा अटॅक दिसला की छातीच्या उजव्या बाजूला व्ही४आर लीड लावून बघतात. उजवी डॉमिनन्ट नसेल, तर तीच धमनी बंद होऊनही डाव्या निलयाचं फारसं बिघडत नाही.

अर्थात नकाशा सगळं ठरवत नाही. अरुंदपणा वर्षानुवर्षं हळूहळू वाढला असेल, तर शेजारच्या धमनीतून जोडवाटा तयार झालेल्या असतात. ताज्या गुठळीला तेवढी सवड मिळत नाही. काहींची एलएडी टोकाला वळसा घालून खालच्या भिंतीपर्यंत पोहोचते आणि पीडीएचं क्षेत्र आखडतं.

अँजिओग्राफीत गफलत होते ती बारीक उजव्या धमनीची. क्रक्सच्या आधीच संपणारी उजवी दिसली की ती पुढे बंद आहे असं वाटू शकतं. अशा वेळी डाव्या बाजूचं चित्रण शेवटपर्यंत पाहावं. सर्कमफ्लेक्स क्रक्स गाठून स्वतःच पीडीए देत असेल, तर उजवी जन्मतःच छोटी आहे. मात्र चित्रणासाठी डावीकडे सोडलेलं रंगद्रव्य जोडवाटांनी उशिरा, उलट्या दिशेने उजवीच्या शाखांत भरताना दिसलं, तर ती खरोखरच बंद आहे. आणि डॉमिनन्ट डावी असल्याचं ठरलं की लेफ्ट मेनमधल्या अरुंदपणाचं वजनही बदलतं, कारण अशा हृदयात जवळजवळ सगळा डावा निलय त्या एका आखूड नळीवर उभा असतो.