सोनोग्राफी नॉर्मल, तरीही वृषणाचे दुखणे थांबत नाही तेव्हा

पारोळा तालुक्यातील एका तरुण शेतकऱ्याचे उदाहरण घेऊ. हे कोणा एका व्यक्तीचे वर्णन नाही. मूत्ररोगतज्ज्ञांकडे येणाऱ्या अनेक रुग्णांचे ते प्रातिनिधिक रूप आहे. त्याचे वय 34 आहे. दीड वर्षापूर्वी ताप, लघवीची जळजळ आणि डाव्या वृषणाची सूज असा त्रास झाला होता. वृषणामागच्या वीर्यनलिकेच्या गुंडाळीला, म्हणजे एपिडिडिमिसला, जंतुसंसर्ग झाला होता व तो औषधांनी बरा झाला. सूज उतरली, ताप गेला, पण दुखणे मात्र राहिले. ट्रॅक्टर तासभर चालवला की डाव्या बाजूला ठणका लागतो आणि कधी कधी पँटचा नुसता स्पर्शही सोसवत नाही. गेल्या वर्षभरात त्याने तीन ठिकाणी सोनोग्राफी केली आणि तिन्ही अहवाल नॉर्मल आले. प्रत्येक ठिकाणी अँटिबायोटिकचा नवा कोर्स मिळाला आणि शेवटी ‘मनाला लावून घेऊ नका’ असा सल्लाही मिळाला. घरी कुणाला सांगण्याचा संकोच, आणि सांगितलेच तर ‘सोनोग्राफी नॉर्मल शे, तरी दुखस’ एवढेच वाक्य. या वाक्यात वैद्यकीयदृष्ट्या काहीही विसंगत नाही.

वृषणात तीन महिन्यांहून अधिक काळ सतत किंवा अधूनमधून राहणाऱ्या आणि दैनंदिन कामात अडथळा आणणाऱ्या वेदनेला क्रॉनिक ऑर्कियाल्जिया म्हणतात. सोनोग्राफी गाठ, सूज, पाणी साठणे, शिरांचा फुगवटा आणि रक्तप्रवाह दाखवते, त्यामुळे ती करणे आवश्यकच आहे. परंतु वृषणाच्या बारीक मज्जातंतूंचे कार्य तिच्यात दिसत नाही. विजेच्या तारेचा फोटो काढून तिच्यातून किती प्रवाह वाहतो हे कळत नाही, तसेच हे आहे. म्हणून नॉर्मल अहवालाचा अर्थ ‘अवयवाच्या रचनेत दोष आढळला नाही’ एवढाच घ्यावा. ‘वेदना नाही’ असा त्याचा अर्थ होत नाही. अचानक सुरू झालेली तीव्र वेदना मात्र वेगळी बाब आहे. तीत वृषणाला पीळ पडलेला असू शकतो आणि पहिल्या सहा तासांत उपचार झाले नाहीत तर वृषण गमावण्याचा धोका झपाट्याने वाढतो. तेव्हा तिथे वाट पाहू नये.

ही वेदना मज्जातंतूंतून कशी येते, हे समजण्यासाठी गर्भावस्थेपर्यंत मागे जावे लागते. वृषण गर्भात मूत्रपिंडांच्या शेजारी तयार होते आणि नंतर जांघेतून खाली अंडकोषात उतरते. उतरताना आपल्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू सोबत आणते. म्हणूनच मूत्रवाहिनीत अडकलेला खडा वृषणात दुखू शकतो. वृषणाकडे जाणारे बहुतेक तंतू जांघेतल्या वृषणरज्जूमधून, म्हणजे रक्तवाहिन्या आणि शुक्रवाहिनी यांच्या जुडग्यामधून, किंवा त्याच्या अंगाने जातात. कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यांच्या पातळीवरून निघणारी जेनिटोफेमोरल मज्जातंतूची एक शाखा आणि इलिओइंग्वायनल मज्जातंतू हे त्यांपैकी महत्त्वाचे. अंडकोषाच्या मागच्या त्वचेची संवेदना मात्र पुडेंडल मज्जातंतूकडून येते, आणि तो माकडहाडाच्या वर असलेल्या त्रिकास्थीतून निघतो. जंतुसंसर्ग, हर्नियाची किंवा नसबंदीची शस्त्रक्रिया, मार लागणे, अशा कोणत्याही कारणाने यांपैकी एखादा तंतू दुखावला, तर मूळ इजा बरी झाल्यावरही तो चुकीचे संदेश पाठवत राहू शकतो. पुढे मेरुरज्जूही अधिक संवेदनशील होतो आणि साधा स्पर्शही वेदना म्हणून नोंदला जातो. अनेक रुग्णांत मात्र कोणतेही कारण सापडत नाही.

आपल्या रुग्णाच्या तपासणीत डॉक्टरांनी लघवीची तपासणी आणि कल्चर केले, जांघेत हर्निया नाही याची खात्री केली, आणि पाठ व खुबे हलवून पाहिले. संसर्गाचा पुरावा नव्हता, म्हणून अँटिबायोटिक थांबवले; पुरावा नसताना ती पुन्हा पुन्हा देण्यात काही लाभ नाही. त्यानंतर जी चाचणी केली तीच माझ्या मते या आजारात सर्वाधिक उपयुक्त आहे. जघनास्थीच्या उंचवट्याजवळ, जिथे वृषणरज्जू बोटांना लागतो, तिथे बुपिव्हॅकेन हे बधिर करणारे औषध साधारण 20 मिली, 0.25 टक्के तीव्रतेचे, त्याच्याभोवती सोडले. इंजेक्शनापूर्वी त्याने वेदनेला दहापैकी सात गुण दिले होते, अर्ध्या तासानंतर एक; आणि हा आराम काही तास टिकला. याचा अर्थ वेदना रज्जूमधल्या तंतूंवाटे येत होती. इंजेक्शनाने फरक पडला नसता तर कमरेचा मणका, ओटीपोटाच्या तळाचे ताठरलेले स्नायू किंवा पुडेंडल मज्जातंतू यांच्याकडे पाहावे लागले असते, आणि बसल्यावर वाढणारी, उभे राहताच कमी होणारी वेदना पुडेंडल मज्जातंतूची शंका अधिक वाढवते. केवळ सुईच्या अपेक्षेनेही काहींना बरे वाटते. त्यामुळे काही तज्ज्ञ ही चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करतात किंवा एकदा साधे मीठपाणी देऊन तुलना करतात.

उपचार पायरीपायरीने होतात. सुरुवातीला लंगोट किंवा घट्ट आधार देणारी अंडरवेअर, आणि सूज कमी करणारी वेदनाशामके महिनाभर. मूत्रपिंड किंवा जठर कमकुवत असलेल्यांनी ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत. त्याने फरक पडला नाही तर मज्जातंतूंवर काम करणारी औषधे येतात. आपल्या रुग्णाला रात्री नॉर्ट्रिप्टिलिन 10 मिलीग्रॅम दिले आणि ते हळूहळू 25 पर्यंत वाढवले. या औषधाचा पूर्ण परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. आठ दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून ते सोडले जाते, आणि उपचार फसण्याचे हे अगदी नेहमीचे कारण आहे. तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठता आणि गुंगी येऊ शकते, म्हणून मात्रा वाढवताना सुरुवातीचे दिवस ट्रॅक्टर चालवू नये. हृदयाच्या ठोक्यांची तक्रार असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. दुसरा पर्याय गॅबापेंटिन, रात्री 300 मिलीग्रॅमपासून वाढवत दिवसातून तीनदा, आणि ते एकदम बंद करायचे नसते. ओटीपोटाचे स्नायू आखडलेले असतील तर त्यासाठी वेगळी फिजिओथेरपी लागते. सहा आठवड्यांनंतर आपल्या रुग्णाची वेदना सातवरून तीनवर आली आणि तो पुन्हा शेतात जाऊ लागला. वेदना पूर्ण गेली नव्हती, पण शस्त्रक्रिया न करण्याइतकी ती कमी झाली होती.

ज्यांना औषधांनी पुरेसा फरक पडत नाही, पण बधिर करण्याच्या चाचणीने स्पष्ट आराम मिळतो, त्यांच्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली वृषणरज्जूतील तंतू तोडण्याची शस्त्रक्रिया आहे. तिची कल्पना 1978 मध्ये डिव्हाइन आणि शेलहॅमर यांनी मांडली. जांघेतल्या लहानशा छेदातून रज्जूभोवतीचे स्नायूतंतू, शुक्रवाहिनीलगतचे आवरण आणि मागची चरबी यांतले बारीक तंतू तोडले जातात. वृषणाची धमनी, लसिकावाहिन्या आणि शुक्रवाहिनी जपल्या जातात. धमनी दुखावली तर वृषण आक्रसते, लसिकावाहिन्या तुटल्या तर पाणी साठते. निवडक रुग्णांत साधारण 70 टक्क्यांच्या आसपास लोकांना पूर्ण आराम मिळाल्याचे अहवाल आहेत. ही शस्त्रक्रिया प्रत्येक ठिकाणी होत नाही, त्यामुळे खान्देशातील रुग्णाला नाशिक, पुणे किंवा मुंबईची वाट धरावी लागू शकते. चाचणीच्या इंजेक्शनाचा लेखी अहवाल सोबत असला तर तिथला शल्यचिकित्सक लवकर निर्णय घेऊ शकतो. वृषण काढून टाकणे हा उपाय काही जण स्वतःहून मागतात. पण वेदना वरच्या मज्जातंतूंत किंवा मेरुरज्जूत रुजलेली असेल तर अवयव काढल्यावरही ती त्याच जागी जाणवत राहते, आणि गमावलेले वृषण परत येत नाही.