फाटलेलं पान आणि सेलोटेप

“पान फाटलं की लगेच सेलोटेप लावावा, पुस्तक टिकतं.”

टिकतो तो डाग. साध्या टेपचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो, वरचं प्लॅस्टिक सुटून येतं. शिवाय टेप कागदापेक्षा ताठ असल्यामुळे पान वळताना तिच्या कडेलाच नव्याने फाटतं.

त्याऐवजी एक चमचा कॉर्नफ्लोअर सहा चमचे पाण्यात शिजवून दाट खळ करा आणि थंड होऊ द्या. फाटलेल्या कडा नीट पाहा: एका बाजूला पांढरे तंतू दिसतात. ते दुसऱ्या कडेखाली मूळ होते तसेच बसवा आणि मध्ये अगदी थोडी खळ लावा. वरून पातळ टिश्यू कागदाची सेंटीमीटरभर पट्टी चिकटवा. पट्टी हाताने फाडलेली हवी, कात्रीची सरळ कड पानावर वळ उमटवते. खाली-वर बटर पेपर ठेवून जाड पुस्तकांच्या वजनाखाली रात्रभर राहू द्या. पान लाटांसारखं वाळलं, तर खळ जास्त झाली.

गुळगुळीत, चकचकीत कागदावर मात्र हे करू नका. ओला झाला की तो शेजारच्या पानाला चिकटतो.