मंडपाशेजारच्या घरांचे आभार: एका फलकाची पार्श्वभूमी

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी ठाण्यात आमच्या नौपाड्याच्या गल्लीत मंडपाचे बांबू उतरायच्या आधी एक फलक लागतो. वर्गणीदार, जाहिरातदार, पोलीस, पालिका या सगळ्यांच्या आधी त्यावर मंडपाला लागून असलेल्या इमारतींचे आभार असतात. पूर्वी शेजाऱ्यांचा उल्लेख स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर 'ज्ञात-अज्ञात हितचिंतक' एवढ्यात उरकला जायचा. तो वर सरकला त्याला कारण आहे.

सार्वजनिक गणेशोत्सवाला 1893 पासून जोर आला तेव्हा शेजाऱ्यांचे आभार मानायचा प्रश्नच नव्हता. चाळीत आरास करणारी, प्रसाद वाटणारी आणि गोंगाट ऐकणारी माणसं तीच असत. पुढे चाळी पाडून सोसायट्या झाल्या, भाड्याने राहणारे आले, रात्रपाळी करणारे आले. त्याच काळात कर्ण्याच्या जागी डीजेच्या भिंती उभ्या राहिल्या. उत्सव करणारा आणि सोसणारा असे दोन वेगळे लोक झाले ते तेव्हा.

कायद्याने याची दखल 2000 साली घेतली. ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा घातली आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद केले. 2002 मध्ये सणांसाठी वर्षाला जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्याला मिळाला. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सूट मान्य केली. गणपतीतल्या काही रात्री बारापर्यंत आवाज चालतो, तो या पंधरांतूनच. नवरात्र आणि बाकीचे सण त्यातच बसवायचे असतात.

ठाण्याला हा विषय घरचा वाटतो, कारण मुंबई उच्च न्यायालयात तो लावून धरला ठाण्याच्याच डॉ. महेश बेडेकरांनी. त्यांच्या जनहित याचिकेत आवाजाबरोबर रस्ता अडवणाऱ्या मंडपांचाही प्रश्न होता. ऑगस्ट 2016 च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की लाऊडस्पीकर वापरणं हा कोणत्याही धर्माचा मूलभूत हक्क नाही. पुढच्याच वर्षी केंद्राने नियम बदलले: राज्याने जाहीर केल्याशिवाय कुठलीही जागा शांतता क्षेत्र ठरणार नाही. उच्च न्यायालयाने त्या बदलाला स्थगिती दिली, सर्वोच्च न्यायालयाने काही दिवसांतच ती स्थगिती थांबवली. रुग्णालयाशेजारच्या मंडळांना नेमका नियम कुठला, हेच कळेना. मला वाटतं, अशा वेळी शेजाऱ्याला विचारणं हाच खरा मार्ग होता, आणि आम्ही तो उशिरा धरला.

आमचे डोळे उघडले ते पहिल्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात. तिथल्या काकूंनी आरतीनंतर मंडळाच्या आम्हा दोघा कार्यकर्त्यांना वर बोलावलं आणि काही न बोलता ओट्यासमोर उभं केलं. फळीवरचे स्टीलचे डबे एकमेकांना लागून किणकिणत होते. खिडकी बंद होती. मोबाईलवर मोजलेला डेसिबलचा आकडा मात्र सत्तरच्या आसपास होता आणि आम्ही खाली त्याच आकड्यावर निश्चिंत होतो.

याचं कारण मोजण्याच्या पद्धतीत आहे. नियमातली मर्यादा माणसाच्या कानाला धरून मोजलेल्या डेसिबलची आहे. कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात, म्हणून मोजणीतही बेस कमी धरला जातो. मोबाईलचा माइक तर तो नीट पकडतच नाही. उंच आवाज खिडकी लावली की बराच अडतो. बेस काचेतून, भिंतीतून आत येतो. त्यामुळे आकडा फार चढलेला दिसत नाही आणि घर मात्र थरथरतं. अर्थात सत्तर हाही काही लहान आकडा नव्हे. दर दहा डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते, म्हणजे 55 ची मर्यादा आणि तो आकडा यांत तीसपटीहून जास्त अंतर होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही आधी बेस उतरवला आणि मग आवाज. दोन मोठ्या खोक्यांऐवजी चार लहान लावले, तोंडं रस्त्याकडे न ठेवता मंडपाच्या आत मूर्तीसमोर बसणाऱ्यांकडे वळवली. लोक जवळ असले की कमी आवाज पुरतो. दर्शनाची रांग इमारतीच्या दारावरून न नेता पलीकडच्या कडेने नेली आणि दाराशी दोन कार्यकर्ते ठेवले. मग काकूंच्या स्वयंपाकघरात जाऊन पुन्हा डबे पाहिले. मोजायचं ते तिथे, मंडपात नाही, हे तेव्हापासून ठरलं.

फलकावरचा मजकूरही तेव्हा बदलला. नुसतं 'सहकार्याबद्दल आभार' न लिहिता आम्ही लिहितो की कोणत्या रात्री बारापर्यंत आवाज होता, गर्दीमुळे कोणत्या दाराशी ये-जा अडली, कोणाच्या परीक्षा चालू असताना सकाळची गाणी बंद ठेवली. विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल-ताशे गल्लीत अडकले की दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आपटून आवाज घुमतो, आणि त्यावर आम्हाला अजून उपाय सापडलेला नाही. त्या तासाभरासाठी फलकावर आभार नसतात, दिलगिरी असते.