आलेखातला सुळका आणि घड्याळातले तास

पावसाळा तोंडावर आला की मुंबईतल्या ट्रेकिंगच्या ग्रुपांवर जाहिरातींचा पाऊस सुरू होतो. हल्ली त्यांत चढ-उताराच्या आलेखाचा फोटो असतो आणि वर ‘एक्स्ट्रीम’ असा लाल शिक्का. किती तास लागतील, ते मात्र कुठेच नसतं. कर्जतहून परतीची लोकल गाठायची तर तेच आधी कळायला हवं, आणि ते या फोटोतूनच काढता येतं.

त्या शिक्क्याला मी फार किंमत देत नाही. आडव्या अक्षावर १ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर आणि उभ्या अक्षावर १ सेंटिमीटर म्हणजे १०० मीटर असेल, तर चढ दहापट ताणलेला असतो. कागदावर ४५ अंशांचा दिसणारा सुळका प्रत्यक्षात जेमतेम ६ अंशांचा निघतो.

फोटो तिरका काढलेला असेल तर पट्टीने मोजू नका, कारण जवळची बाजू मोठी दिसते. एखादा बिंदू शेजारच्या दोन जाळीरेषांच्या मधे कुठे येतो ते बघा. रेषाही फोटोबरोबरच तिरक्या झालेल्या असतात, त्यामुळे अंदाज फारसा चुकत नाही.

समजा, वाट १५० मीटर उंचीवरून निघते, ४ किलोमीटरवर ४५० मीटरला पोचते, पुढच्या किलोमीटरभरात ३३० मीटरच्या खिंडीत उतरते आणि शेवटच्या २ किलोमीटरांत ८५० मीटरचा माथा गाठते. पायथा आणि माथा यांतला फरक ७०० मीटर. पाय मात्र आधी ३०० आणि मग ५२०, म्हणजे ८२० मीटर चढतात. खिंडीत गमावलेले १२० मीटर पुन्हा कमवावे लागतात, आणि परतताना तेच आणखी एकदा. गंमत आहे ती इथेच: शेवटची उंची नव्हे, प्रत्येक चढ वेगळा मोजायचा.

स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ यांनी १८९२ मध्ये दिलेल्या नियमाचं आजचं रूप असं: दर ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर १० मीटर चढाला एक मिनिट. जाताना ७ किलोमीटरांची ८४ मिनिटं आणि चढाची ८२, म्हणजे पावणेतीन तास. परतीला ८४ मिनिटं, खिंडीतून वर येण्याची १२, आणि माथ्याखालचा उतार १२ अंशांहून तीव्र असल्याने ब्रिटिश गिर्यारोहक एरिक लँगम्युर यांनी या नियमात केलेल्या दुरुस्तीप्रमाणे उंची दर ३०० मीटर कमी होताना १० मिनिटं, म्हणजे आणखी १७. एकूण ४ तास ३९ मिनिटं.

हा न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचा हिशोब झाला. निसरडा कातळ, डबा आणि ग्रुपमधला सर्वांत हळू चालणारा धरून मी त्याची दीडपट करतो: सात तास. वाटेत भेटलेल्या गावकऱ्याचं ‘बस्स, पंधरा मिनिटं’ त्याच्या पायांपुरतं खरं असतं.

आलेखाची रेष १ मिलिमीटर जाड असेल, तर वरच्या प्रमाणात ती एकटीच १० मीटर झाकते. त्याहून लहान चढउतार फोटोत सापडायचे नाहीत. उलट, जीपीएसची कच्ची नोंद असेल तर उंचीतली थरथरही चढ म्हणून बेरजेत शिरते. रेष करवतीसारखी दातेरी दिसली, तर छापलेल्या ‘एकूण चढा’वर विसंबू नका, मोठे टप्पे स्वतः वाचून बेरीज करा.