सिगारेटी कमी केल्या, तरी बाळाला धूर तेवढाच का मिळतो?

समजा, दिवसाला 10 सिगारेटी ओढणाऱ्या एका स्त्रीने गरोदर राहिल्यावर त्या 4 वर आणल्या. बाराव्या आठवड्याच्या तपासणीत तिने यंत्रात फुंकर मारली, तेव्हा उच्छ्वासातील कार्बन मोनॉक्साइड 11 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 11 भाग, निघाला. धूम्रपान न करणाऱ्यांमध्ये हा आकडा सहसा 4 च्या खाली असतो. तिने खोटे सांगितलेले नसते. शरीर निकोटिनची नेहमीची मात्रा मागते, म्हणून उरलेल्या चार सिगारेटींचे झुरके नकळत खोल आणि लांब होतात.

सिगारेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, वारेतून पलीकडे जातो आणि बाळाच्या रक्तात आईच्या रक्तापेक्षाही जास्त साचतो. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे वारेकडे येणारे रक्तही घटते. अशा बाळांचे जन्मवजन सरासरी दीडशे ते अडीचशे ग्रॅमनी कमी भरते. अकाली प्रसूती, मृतजन्म आणि जन्मानंतर झोपेत अचानक होणारा मृत्यू यांचा धोकाही वाढतो. मात्र पंधराव्या आठवड्याच्या आत सिगारेट पूर्ण सुटली, तर अकाली प्रसूतीचा आणि कमी वजनाचा धोका धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांच्या जवळपास येतो. त्यानंतर सोडण्यानेही फायदा होतोच. एकदम सोडल्याने बाळाला धक्का बसतो, ही समजूत निराधार आहे.

सोडण्याची सुरुवात समुपदेशनाने व्हावी: दिवस ठरवावा, तलफ कधी येते ते लिहून काढावे, घरातल्या इतरांनीही घरात ओढणे बंद करावे. एवढ्याने भागले नाही, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटिनचे च्युइंगगम किंवा पट्टी वापरता येते, कारण त्यांत कार्बन मोनॉक्साइड आणि डांबर नसते. पट्टी रात्री झोपताना काढून ठेवतात. गरोदरपणी यकृत निकोटिनचा निचरा अधिक वेगाने करते, त्यामुळे नेहमीची मात्रा अपुरी पडू शकते. पट्टी लावूनही तलफ तशीच राहिली, तर इच्छाशक्तीला दोष न देता डॉक्टरांकडून मात्रा तपासून घ्यावी. व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन या गोळ्या मात्र या काळात सहसा टाळतात.

प्रसूतीनंतर निचऱ्याचा हा वेग पूर्ववत होतो, पण जागरणाच्या दिवसांत सवय परतण्याची भीती असते. निकोटिन आईच्या रक्तापेक्षा दुधात अधिक उतरते आणि दर दीड तासाला साधारण निम्मे होते. तरीही, सिगारेट सुटली नाही म्हणून स्तनपान थांबवू नये. सुटेपर्यंत ती दूध पाजून झाल्यावर, घराबाहेर ओढावी, कपडे बदलून हात धुवावेत, आणि धूम्रपान करणाऱ्या कोणीही बाळाला आपल्या अंथरुणात झोपवू नये.