अंतिम युक्तिवाद : फिर्यादीतील विलंब आणि कमकुवत ओळख यांवर उभा असलेला बचाव

फौजदारी खटल्यात दोन्ही बाजूंचा पुरावा संपल्यावर पुराव्याचा अर्थ न्यायालयापुढे मांडण्याच्या टप्प्याला अंतिम युक्तिवाद म्हणतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, 2023 च्या कलम 352 नुसार तोंडी युक्तिवादाबरोबर लेखी टिपणही देता येते. ते थोडक्यात आणि स्वतंत्र शीर्षकांखाली असावे लागते, त्याची प्रत विरुद्ध पक्षाला द्यावी लागते, आणि ते तयार करण्यासाठी सहसा तारीख मिळत नाही. म्हणून आराखडा उलटतपासाच्या वेळीच तयार असावा लागतो, कारण जो प्रश्न साक्षीदाराला विचारलाच नाही त्यावर शेवटी युक्तिवाद उभा राहत नाही.

विलंबाचा मुद्दा तासांच्या मोजणीवर संपत नाही. थुलिया काली विरुद्ध तामिळनाडू राज्य (1972) या खून खटल्यात पोलीस ठाणे सुमारे दोन मैलांवर असताना खबर वीस तासांहून अधिक उशिरा दिली गेली होती. उशिरामुळे घटनेचा ताजेपणा जातो आणि रंगवलेली किंवा विचारविनिमयाने रचलेली हकीकत आत शिरण्याचा धोका निर्माण होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालात सांगितले. युक्तिवादाला दाखवायचे असते ते हेच, की त्या अवधीत नेमके काय आत शिरले.

एक काल्पनिक जबरी चोरीचा खटला घेऊ. रात्री पावणेदहाला दुकान बंद करून घरी निघालेल्या दुकानदाराची पिशवी दोघांनी हिसकावली. पोलीस ठाणे दोन किलोमीटरवर होते आणि फिर्यादीला कोणतीही दुखापत नव्हती, तरी फिर्याद दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला, म्हणजे सव्वासोळा तासांनी नोंदवली गेली. तिच्यात “25 ते 30 वयाचे दोन अनोळखी इसम” एवढेच वर्णन आहे. बाराव्या दिवशी आरोपीला अटक झाली, तेराव्या दिवशी फिर्यादीचा पुरवणी जबाब नोंदवला गेला, आणि त्यात पहिल्यांदा डाव्या भुवईवरच्या व्रणाचा उल्लेख आला.

इथे अनेक बचाव वकील घसरतात. उशीर करून आरोपीला खोटे गोवले, हा युक्तिवाद फिर्यादीत त्याचे नावच नसल्याने सरकारी वकील एका वाक्यात मोडतो. विलंबाचा खरा उपयोग वर्णनाशी जोडल्यावर होतो. सोळा तास विचाराला मिळूनही जो व्रण फिर्यादीत आला नाही, तो अटकेनंतरच्या जबाबात आला. म्हणजे तो घटनेच्या आठवणीतून आला की आरोपीला पाहिल्यावर, हा प्रश्न न्यायालयापुढे ठेवायचा. अर्थात ही वगळणूक आधी उलटतपासात फिर्यादीला दाखवलेली हवी, आणि पुरवणी जबाब कधी व कसा नोंदवला हे तपासी अंमलदाराकडून वदवून घेतलेले हवे.

यानंतर ओळख. न्यायालयात साक्ष देताना केलेली ओळख हाच मूळ पुरावा असतो. तपासात साक्षीदाराला अनेक माणसांतून आरोपी ओळखायला लावणारी ओळख परेड त्याला फक्त पुष्टी देते. अनोळखी आरोपीला परेडशिवाय प्रथमच न्यायालयात ओळखले तर त्या ओळखीला फारसे मोल राहत नाही, असे कानन विरुद्ध केरळ राज्य (1979) मध्ये म्हटले आहे. परंतु मलखानसिंग प्रकरणात (2003) परेड न होणे प्रत्येक वेळी घातक नाही असेही स्पष्ट झाले. त्यामुळे दुसरा निकाल दडवण्यापेक्षा त्याला आधीच सामोरे जाणे शहाणपणाचे. आपल्या खटल्यात साक्षीदाराला चेहरा पाहायला किती वेळ मिळाला, उजेड किती होता, हे सांगायचे. उदाहरणातील घटनास्थळ पंचनाम्यात दिव्याचा उल्लेखच नाही, हा मुद्दा इथे मोलाचा ठरतो.

परेड झाली असेल तर तिची पद्धत तपासावी. मुंबई उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेप्रमाणे एका आरोपीसाठी किमान अर्धा डझन डमी, म्हणजे गुन्ह्याशी संबंध नसलेले लोक, असावेत आणि ते दिसण्यात त्याच्याशी जुळते असावेत. उदाहरणात अटकेनंतर 38 दिवसांनी, चारच डमींसह परेड झाली आणि मधल्या काळात आरोपीला तोंड न झाकता न्यायालयात आणले गेले. आरोपी साक्षीदाराला परेडआधीच दाखवला गेला असण्याची शक्यता पुराव्यातूनच निघते. पोलीस परेडच्या खोलीत होते का, हेही पाहावे. रामकिशन मिठनलाल शर्मा विरुद्ध मुंबई राज्य (1955) या निकालानुसार पोलिसांपुढे झालेली ओळख पोलिसांसमोरच्या जबाबासारखीच बाद ठरू शकते.

आराखड्याची मर्यादा जप्तीत आहे. चोरीचा माल घटनेनंतर लवकरच आरोपीच्या निवेदनावरून मिळाला असेल, तर भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 119 खालील, तोच चोर आहे किंवा माल चोरीचा असल्याचे जाणून त्याने तो घेतला, हे गृहीतक त्याच्यावर येऊ शकते, आणि मग ओळख कितीही कमकुवत असली तरी जप्तीच्या पंचांची साक्ष मोडल्याशिवाय बचाव पुरा होत नाही. लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांत तर नुसत्या विलंबावर भर देऊ नये. कुटुंबाची अब्रू आणि भीती यांमुळे होणारा उशीर समजण्यासारखा असतो, हे गुरमित सिंग प्रकरणापासून (1996) न्यायालये मानत आली आहेत. टिपणाच्या शेवटी संशयाचा फायदा मागताना प्रत्येक मुद्द्यासमोर साक्षीदाराचा क्रमांक, परिच्छेद आणि निशाणी लिहावी, म्हणजे न्यायाधीशांना निकाल लिहिताना पान शोधावे लागत नाही.