चार सुती पोर्ट: विचारायचं की धरून चालायचं?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या मशीन शॉपमध्ये सकाळी व्हॉट्सॲपवर ड्रॉइंगचा फोटो येतो. निपाणीकडच्या गिऱ्हाइकाला ट्रॉलीच्या हायड्रॉलिक सिलिंडरची चाळीस झाकणं हवी आहेत. कागद हाताने काढलेला, आणि त्यात चार जागा मोकळ्या. तेलाच्या पोर्टापुढे फक्त ‘चार सुती’ लिहिलंय. बोल्टांच्या भोकांपुढे ‘एम १२’ आहे, पण पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, नाही. रॉड जाण्याच्या भोकाला ४० मिमी एवढंच माप आहे. आणि धारदार कडा मोडायच्या की नाही, याचा उल्लेखच नाही.

मशीन रिकामं आहे, माल आलेला आहे. फोन करावा, की आपल्या अंदाजाने जॉब चढवावा? बरेच जण हे स्वभावाप्रमाणे ठरवतात. भिडस्त माणूस विचारत नाही आणि धास्तावलेला माणूस सगळंच विचारतो. खरं तर याला एक साधा हिशेब आहे. माहितीची किंमत कशी काढायची याची मांडणी रोनाल्ड हॉवर्ड यांनी १९६६ साली केली, तिचं मूळ दुकानदारी भाषेत असं सांगता येईल: आपला अंदाज चुकायची शक्यता गुणिले चुकल्यावर होणारं नुकसान. हा आकडा विचारण्याच्या खर्चापेक्षा मोठा असेल तर विचारा, लहान असेल तर धरून चला.

आकडे घालून बघू. समजा एका झाकणाचा माल आणि मशीनिंग मिळून ६०० रुपये, म्हणजे चाळीस नगांचे २४,०००. उत्तर येईपर्यंत मशीन तासभर थांबलं तर ५०० रुपये गेले. ५०० भागिले २४,०००, म्हणजे साधारण दोन टक्के. सगळा लॉट भंगारात जाईल अशी चूक होण्याची शक्यता चाळीसात एक असली, तरी फोन करणं स्वस्त पडतं. ‘मला नव्वद टक्के खात्री आहे’ ही इथे फुशारकी नाही, फोन उचलण्याचं कारण आहे.

कडांचा हिशेब नेमका उलटा. कडा मोडायच्या राहिल्या तर एका नगाला हाताने तीन मिनिटं, चाळीस नगांना दोन तास, मजुरी फार तर ३०० रुपये. आपला अंदाज शंभर टक्के चुकणार असं गृहीत धरलं तरी तासभर थांबण्यापेक्षा हे स्वस्त. इथे प्रश्न विचारणारा काळजीपूर्वक काम करत नसतो, समोरच्याचा वेळ खात असतो.

एम १२ चं काय? मेट्रिक आट्यांचा संकेत असा आहे की पिच लिहिली नसेल तर जाडी पिच समजायची. एम १२ ला ती १.७५ मिमी. बारीक आटे हवे असतील तर १.२५ किंवा १.५ असं मुद्दाम लिहावं लागतं. म्हणजे रिकामी दिसणारी जागा संकेताने आधीच भरलेली आहे. शंभरात एखादाच गिऱ्हाईक बारीक पिच लिहायला विसरला असेल असं धरलं, तर संभाव्य नुकसान २४० रुपये. शिवाय ही चूक लपत नाही. १.२५ पिचचा बोल्ट १.७५ च्या भोकात दुसऱ्या फेऱ्यालाच अडतो, आणि पहिला नग हातात घेणाऱ्याला ते लगेच कळतं. तेव्हा १.७५ धरायची, आणि तसं लिहून कळवायचं.

पोर्टाकडे मात्र जरा थांबून बघायला हवं, कारण तिथली चूक लपते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, त्यामुळे चार सुती म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिमी. पण अर्ध्या इंची पाइपच्या आट्यांत १२.७ मिमी कुठेच सापडत नाही. ब्रिटिश पद्धतीच्या बीएसपी आट्यांचा बाहेरचा व्यास २०.९५५ मिमी असतो. अर्धा इंच हे नाव जुन्या काळी पाइपाच्या आतल्या पोकळीवरून पडलं आणि तसंच राहिलं. नवखा टर्नर अक्षरशः अर्ध्या इंचाचं भोक पाडून मोकळा होतो. पण ती चूक निदान डोळ्यांना दिसते.

खरा घोळ बीएसपी आणि अमेरिकी एनपीटी यांच्यात होतो. अर्ध्या इंचाला दोन्हींत इंचाला १४ आटे, त्यामुळे पिच गेज दोन्हींवर चपखल बसतो. फरक आट्याच्या कोनात आहे: बीएसपी ५५ अंश, एनपीटी ६० अंश. त्यात बीएसपीचेही दोन प्रकार, सरळ आणि निमुळता. एनपीटी मात्र निमुळताच. बीएसपीचं फिटिंग एनपीटीच्या पोर्टात काही फेरे छान जातं, मग आवळतं, आणि लावणाऱ्याला वाटतं की बसलं. रिकाम्या ट्रॉलीवर थेंबही येत नाही. पण ऊस भरलेली ट्रॉली उचलताना दाब दीडशे बारच्या आसपास गेला, की आट्यांची टोकं आणि खाचा यांच्यात राहिलेल्या वळणदार फटीतून तेल बाहेर येतं. मग कोणीतरी स्पॅनरला पाइप लावून आणखी आवळतो आणि बिडाचं झाकण असेल तर ते तडकतं. हे सगळं गळीत हंगामात, शेतात. म्हणजे नुकसान २४,००० वर थांबत नाही, आणि आट्यांतून निघालेला धातू परत भरता येत नाही. इथे विचारायलाच हवं.

पण कसं? ‘पोर्ट कुठला?’ असं विचारलं तर उत्तर येतं, ‘चार सुती, लिहिलंय की ओ.’ ‘बीएसपी ना?’ म्हटलं तर ‘हो हो.’ आणि ‘कुठले आटे टाकू?’ म्हटलं तर ‘नेहमीचे टाका.’ तिन्ही वेळा फोन झाला, माहिती शून्य. ‘नेहमीचे’ हे तर सर्वांत फसवं उत्तर: बेळगावच्या शॉपचं नेहमीचं वेगळं, आणि ज्याच्या ट्रॉलीवर परदेशी पंप बसलाय त्याचं वेगळं.

नीट ऐकू आलं नाही किंवा कळलं नाही, तर माणसं परत कशी विचारतात यावर २०१५ साली मार्क डिंगमान्स आणि सहकाऱ्यांनी बारा भाषांत अभ्यास केला. त्यांत एक खुणांची भाषाही होती. साध्या गप्पांत असा खुलासा सरासरी दीड मिनिटाच्या आत एकदा मागितला जातो, असं त्यांना आढळलं. त्याचे ढोबळ तीन प्रकार: ‘अं?’ असा मोघम, ‘कोण?’ असा नेमक्या तुकड्यावर बोट ठेवणारा. आणि ‘शंकरअण्णा म्हणताय का?’ असा आपला अंदाज पुढे करणारा. शक्य तेवढा नेमका प्रकार वापरण्याकडे सगळीकडेच कल दिसला. नेमक्या प्रश्नाने विचारणाऱ्याचं काम थोडं वाढतं, पण उत्तर देणाऱ्याचं बरंच हलकं होतं.

फोनवरच्या व्यवहारात या तिसऱ्या प्रकाराला एक खोट आहे. अंदाज पुढे केला की समोरचा घाईत होकार देतो. एक बाजू कन्नडमध्ये विचार करतेय, दुसरी मराठीत बोलतेय, मागे ग्राइंडर चालू आहे, अशा वेळी ‘हौदु’ म्हणजे ‘बरोबर आहे’ की ‘ऐकतोय’, हे कळायला मार्ग नसतो. म्हणून नुकसान मोठं असेल तिथे हो-नाहीचा प्रश्न टाळावा, आणि समोरच्याला डोळ्यांनी बघून सांगता येईल असं काहीतरी विचारावं. गिऱ्हाइकाला बीएसपी हा शब्द माहीत नसेल. पण फिटिंगखाली वॉशर बसते की आट्यांवर टेफलॉन टेप गुंडाळतात, हे त्याला नक्की माहीत असतं. वॉशर असेल तर बहुतेक सरळ आटे, टेप असेल तर बहुतेक निमुळते. टेप म्हटला तर बीएसपी की एनपीटी हे उरतं. तेव्हा फिटिंगवर कोरलेल्या अक्षरांचा फोटो मागायचा, आणि अक्षरं नसतील तर जुनं फिटिंगच पाठवून द्यायला सांगायचं.

रॉडच्या भोकाची गोष्ट वेगळीच. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात ‘आयएसओ २७६८ मध्यम’ लिहिलेलं आहे. त्याप्रमाणे ३० ते १२० मिमीच्या मापाला ०.३ मिमी कमी-जास्त चालतं. म्हणजे कागदाने उत्तर दिलंय, मग कशाला विचारायचं? पण ०.३ कमी, म्हणजे ३९.७ चं भोक कागदाप्रमाणे पास होतं, आणि त्यात ३९.९५ चा क्रोम रॉड शिरतच नाही. कागद एक सांगतोय आणि भागाचं काम दुसरंच. मोकळ्या जागेपेक्षा असा विरोध जास्त गंभीर मानावा, कारण लिहिणाऱ्याने त्या मापाचा विचारच केलेला नाही, एवढं त्यातून नक्की कळतं. बहुधा त्याला एच ७ हवं असणार, म्हणजे ४०.००० ते ४०.०२५. पण आत बुश बसणार असेल तर मापच बदलेल. पोर्टासाठी फोन होणारच आहे, तेव्हा हा प्रश्न त्यातच जोडला तर जादा खर्च जवळजवळ नाही. पण म्हणून चारही प्रश्न जोडू नयेत. चार प्रश्नांच्या मेसेजला सहसा पहिल्याचंच उत्तर येतं.

मशीन तोवर थांबवायची गरज नाही. फेसिंग होऊ दे, बोल्टांची भोकं पडू देत. पोर्टाला १७ मिमीचं ड्रिल मारून थांबायचं: सरळ बीएसपीला टॅपआधी साधारण १९ मिमी लागतं, एनपीटीला साधारण १८.२, म्हणजे १७ वरून दोन्हीकडे जाता येतं. रॉडचं भोक ३९ वर ठेवायचं. असं केलं की थांबण्याचा ५०० रुपयांचा खर्चही घटतो, आणि हिशेब आणखीच विचारण्याच्या बाजूला झुकतो.

गिऱ्हाइकाला जाणारा मेसेज मग असा होतो:

‘नमस्कार साहेब. दोन गोष्टी हव्यात. १) पोर्टाच्या फिटिंगखाली वॉशर आहे की टेप? फिटिंगवरच्या अक्षरांचा फोटो टाका. २) रॉड ४० च्या भोकातून थेट जातो की आत बुश बसतो? दोन गोष्टी आम्ही धरल्यात: एम १२ ला पिच १.७५, आणि सगळ्या कडा अर्धा मिमी मोडणार. यात बदल असेल तर दुपारी चारच्या आत कळवा, चारला टॅपिंग सुरू होईल. पोर्ट आणि रॉडचं भोक तुमचं उत्तर आल्याशिवाय करणार नाही.’

शेवटच्या दोन वाक्यांत फरक आहे. धरलेल्या गोष्टींना वेळेची मर्यादा आहे, आणि गिऱ्हाईक गप्प राहिला तर काम पुढे जातं. विचारलेल्या गोष्टींत गप्प राहण्याचा अर्थ होकार नाही. ‘सर्व मापे ड्रॉइंगप्रमाणे’ असं चलनावर छापणारी शॉप्स काहीच कळवत नसतात. धरलेली पिच त्या वाक्यातून कोणाला कळणार? आणि कळवलेली गोष्ट टॅप आत जाण्याआधी वाचली गेली तरच उपयोगाची. गिऱ्हाईक दिवसभर शेतात असून मेसेज रात्री नऊला बघत असेल, तर चारची मुदत निव्वळ कागदावर राहते. अशा माणसाला मेसेज टाकून एकदा फोनही करायचा, किंवा टॅपिंग दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यायचं.